माफक तेजीसाठी कॉल की कॉल स्प्रेड?

बाजार वर जाईल, एवढे म्हणून ऑप्शनचा सौदा ठरत नाही. किती वर जाईल आणि केव्हापर्यंत, हेही ठरवावे लागते. निफ्टी महिन्याभरात दीड-दोन टक्के चढेल, पण चार-पाच टक्क्यांची उसळी काही येणार नाही, असे ज्याला वाटते त्याची तेजी माफक असते. अशा तेजीसाठी बहुतेक जण सवयीने एक कॉल विकत घेतात. त्याच जागी बुल कॉल स्प्रेड घेतला तर त्याच मताचा हिशेब बराच वेगळा होतो. हा फरक आकड्यांतून पाहिला की लगेच लक्षात येतो.

समजा, निफ्टी 25,000 वर आहे आणि मासिक एक्स्पायरीला बरोबर 30 दिवस उरले आहेत. 25,000 स्ट्राइकचा कॉल 440 रुपयांना आणि 25,500 चा कॉल 215 रुपयांना मिळतो आहे. हे भाव उदाहरणासाठी घेतले असले, तरी बाजार वर्षाला 13 टक्के चढउतार गृहीत धरतो तेव्हा भाव साधारण असेच बसतात. लॉट 65 चा धरू. लॉटचा आकडा एक्स्चेंज वेळोवेळी बदलते, म्हणून प्रत्यक्ष सौद्याआधी तो तपासून घ्यावा.

नुसता कॉल घेणारा 440 रुपये, म्हणजे लॉटमागे 28,600 रुपये, प्रीमियम भरतो. त्याचा तोटा एवढ्यावरच थांबतो आणि नफ्याला वरची मर्यादा नसते. मात्र एक्स्पायरीला त्याचे पैसे सुटायचे असतील तर निफ्टी 25,440 च्या वर बंद व्हायला हवा. म्हणजे पावणेदोन टक्क्यांची तेजी नुसता खर्च भरून काढण्यात जाते आणि नफा त्यानंतर सुरू होतो.

बुल कॉल स्प्रेडमध्ये हाच 25,000 चा कॉल 440 ला घ्यायचा आणि त्याच एक्स्पायरीचा 25,500 चा कॉल 215 ला विकायचा. खिशातून निव्वळ 225 रुपये, म्हणजे लॉटमागे 14,625 रुपये जातात. निफ्टी 25,225 वर आला की खर्च निघतो. 25,500 वर नफा 275 रुपयांचा, म्हणजे लॉटमागे 17,875 रुपयांचा होतो आणि तिथेच थांबतो. पुढे निफ्टी कितीही चढला तरी घेतलेल्या कॉलमध्ये जेवढे मिळते, तेवढेच विकलेल्या कॉलमध्ये द्यावे लागते.

विकलेल्या कॉलचे 215 रुपये कशाचे मिळाले, हे नीट समजून घ्यायला हवे. 440 रुपयांच्या प्रीमियममध्ये दोन गोष्टींची किंमत आहे: 25,000 ते 25,500 या टप्प्यातल्या चढाची आणि 25,500 च्या पुढच्या साऱ्या चढाची. निफ्टी 25,500 च्या फार पुढे जाणार नाही असे ज्याचे मत आहे, तो नुसता कॉल घेताना या दुसऱ्या भागाचेही पूर्ण पैसे मोजतो. स्प्रेडमध्ये तो भाग बाजाराला परत विकला जातो. बाजाराच्या दृष्टीने हा व्यवहार सारखाच असतो. जेवढी शक्यता सोडली तेवढीच किंमत मिळाली, त्यामुळे स्प्रेड म्हणजे स्वस्तात मिळालेला कॉल, असे समजू नये. तो सौदा ज्याचे मत खरोखर माफक आहे त्याच्याच फायद्याचा असतो.

आता एक्स्पायरीच्या दिवशी काय होते ते पाहू. निफ्टी 25,000 च्या खाली बंद झाला तर दोघांचेही पैसे पूर्ण बुडतात, एकाचे 440 आणि दुसऱ्याचे 225. 25,300 वर, म्हणजे सव्वा टक्क्याच्या तेजीनंतर, दिशा बरोबर येऊनही नुसता कॉल घेणारा 140 रुपये गमावतो, तर स्प्रेडवाला 75 रुपये कमावतो. 25,500 वर कॉलवाल्याला 60 आणि स्प्रेडवाल्याला 275 मिळतात. 25,715 वर दोघे बरोबरीत येतात आणि त्याच्या वर नुसता कॉल पुढे निघतो. 26,200 वर कॉलचा नफा 760 होतो, स्प्रेडचा मात्र 275 वरच असतो.

पण या तुलनेत एक खोट आहे. एकीकडे 440 रुपये लावले आहेत आणि दुसरीकडे 225. तेवढ्याच भांडवलाची तुलना करायची तर एका कॉलसमोर दोन स्प्रेड ठेवायला हवेत. दोन स्प्रेडचा खर्च 450 रुपये होतो आणि जास्तीत जास्त नफा 550. आता बरोबरीची पातळी 25,715 वरून थेट 25,990 वर जाते. एका महिन्यात जवळपास चार टक्के तेजी आली, तरच नुसता कॉल दोन स्प्रेडना मागे टाकतो. 13 टक्क्यांच्या गृहीतात निफ्टी महिनाअखेरीस 25,990 च्या वर असण्याची शक्यता बाजाराच्या स्वतःच्या हिशेबाने शंभरात 18 च्या आसपास निघते. माफक तेजीचे मत मांडणारा ही शक्यता आधीच नाकारून बसलेला असतो. तिच्यासाठी पैसे मोजायचे कारण त्याच्याकडे उरत नाही.

त्याच हिशेबाने एक्स्पायरीला थोडाफार तरी नफा होण्याची शक्यता नुसत्या कॉलमध्ये शंभरात 37 आणि स्प्रेडमध्ये 45 येते. स्प्रेड जास्त वेळा नफ्यात सुटतो, कॉल कमी वेळा सुटतो पण कधीतरी भरभरून देतो. मात्र ‘स्प्रेडमध्ये धोका निम्मा’ हे वाक्य जपून वापरायला हवे. एकाच्या जागी दोन स्प्रेड घेतले, तर 25,000 च्या खालच्या एक्स्पायरीत बुडणारी रक्कम कॉलएवढीच असते. खर्च अर्धा म्हणून संख्या दुप्पट करायची आणि तरीही धोका कमी आहे असे समजायचे, ही चूक वारंवार होते.

इथपर्यंतचा हिशेब एक्स्पायरीच्या दिवसाचा झाला. प्रत्यक्षात बहुतेक सौदे त्याआधीच कापले जातात आणि मधल्या दिवसांत दोन्ही सौदे फार वेगळे वागतात.

दहा दिवस गेले, निफ्टी 25,400 वर आला आणि चढउताराचा अंदाज 13 टक्केच राहिला, असे धरू. 25,000 चा कॉल आता सुमारे 610 रुपयांना, 25,500 चा सुमारे 300 ला असेल. कॉलवाल्याला 170 रुपये सुटतात. स्प्रेडची किंमत 310 झाली, म्हणजे नफा 85 रुपयांचा. निफ्टी वरच्या स्ट्राइकपासून फक्त शंभर अंकांवर असूनही 275 पैकी एक तृतीयांशही हाती आलेला नाही. स्प्रेड पहिल्यांदा घेणारे इथे गोंधळतात आणि ‘निफ्टी आला, पण पैसे कुठे आहेत?’ असे विचारतात. पैसे विकलेल्या कॉलमध्ये अडकलेले असतात. त्या कॉलला अजून वीस दिवस आहेत, तेवढ्या वेळेची किंमत त्याच्या भावात शिल्लक आहे आणि ती झिजल्याशिवाय स्प्रेड पूर्ण रुंदीला पोहोचत नाही. लावलेल्या पैशाच्या प्रमाणात पाहिले, तर मात्र दोघेही सारखेच ठरतात: कॉलवर 39 टक्के आणि स्प्रेडवर 38 टक्के परतावा.

याच परिस्थितीत फक्त चढउताराचा अंदाज 13 वरून साडेदहा टक्क्यांवर उतरवून पाहू. बाजार सावकाश आणि शांतपणे चढतो तेव्हा असे नेहमी होते. 25,000 चा कॉल आता 565 च्या आसपास येतो, 25,500 चा 240 च्या. कॉलवाल्याचा नफा 170 वरून 125 वर घसरतो आणि स्प्रेडवाल्याचा 85 वरून 100 वर चढतो. जी गोष्ट एकाचे नुकसान करते, तीच दुसऱ्याला थोडी मदत करते, कारण स्प्रेडमध्ये घेतलेल्या कॉलपेक्षा विकलेला कॉल जास्त उतरला. टक्केवारीत पाहिले तर आता कॉलवर 28 आणि स्प्रेडवर 44 टक्के मिळतात.

निफ्टी हललाच नाही तर फरक सर्वात ठळक दिसतो. दहा दिवसांनंतरही तो 25,000 वरच आहे आणि चढउताराचा अंदाज साडेदहावर आला आहे. 440 चा कॉल 290 पर्यंत खाली येतो, म्हणजे लॉटमागे साधारण 9,750 रुपये बाजार न पडताच जातात. स्प्रेड 225 वरून 200 वर येतो, तोटा सुमारे 1,600 रुपयांचा. माफक तेजीचे मत बऱ्याचदा चुकीचे नसते, फक्त उशिरा खरे ठरते. अशा माणसाला वाट पाहण्याची सवलत स्प्रेड देतो, नुसता कॉल देत नाही.

बाजाराचा हा चढउताराचा अंदाज, म्हणजेच इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, किती वेगाने बदलू शकतो हे जून 2024 मध्ये दिसले. 4 जूनला लोकसभेचे निकाल लागले आणि निफ्टी एका दिवसात जवळपास सहा टक्के कोसळला. निफ्टीच्या ऑप्शनच्या भावांवरून काढला जाणारा इंडिया विक्स त्या संध्याकाळी 27 च्या आसपास होता. 5 जूनला निफ्टी तीन टक्क्यांहून अधिक सावरला आणि विक्स 19 च्या घरात आला. 4 तारखेच्या भीतीत फुगलेल्या प्रीमियमवर वरच्या स्ट्राइकचे कॉल ज्यांनी घेतले, त्यांची दिशा अगदी बरोबर होती. तरीही निफ्टीच्या चढाने जे दिले त्यातले बरेच विक्सच्या पडण्याने काढून घेतले. प्रीमियम महाग असताना तेजीचे मत असेल, तर दोन बाजूंचा सौदा अशा वेळी सर्वाधिक उपयोगी पडतो. महाग कॉल घेतानाच दुसरा महाग कॉल विकला जातो आणि विक्स उतरला तरी बहुतेक फटका आपसात वळता होतो.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. विक्स 11-12 च्या आसपास झोपलेला असेल, प्रीमियम स्वस्त असेल आणि उसळी वेगाने येईल असे ठोस कारण असेल, तर नुसता कॉल घेणेच योग्य. तेव्हा वरचा कॉल विकून मिळणारी रक्कम थोडी असते आणि सोडून दिलेला नफा मोठा. दोन-तीन दिवसांत बाहेर पडायचे असेल तरी स्प्रेड निरुपयोगी ठरतो, कारण त्याचा नफा मुख्यतः शेवटच्या आठवड्या-दीड आठवड्यात पिकतो. पण अशा मताला माफक तेजी म्हणता येत नाही. ते ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. 25,500 चा कॉल विकताना ‘आणि निफ्टी 26,000 ला गेला तर?’ या विचाराने चैन पडत नसेल, तर मत तेवढे माफक नाही आणि स्प्रेड घेऊ नये.

वरचा स्ट्राइक कुठे घ्यायचा, हा स्प्रेडमधला खरा निर्णय असतो. तो आपल्या अपेक्षित पातळीवर किंवा तिच्या किंचित अलीकडे असावा. फार दूरचा घेतला तर स्प्रेडचा उद्देशच मावळतो. वरच्याच उदाहरणात 26,500 चा कॉल तीसेक रुपयांना विकता येईल. खर्च 440 वरून 410 वर येतो, पैसे सुटण्याची पातळी 25,410 होते, म्हणजे व्यवहारात नुसताच कॉल घेतल्यासारखे झाले. उलट 25,100 चा विकला तर निव्वळ खर्च 52 रुपये आणि जास्तीत जास्त नफा 48, लॉटमागे जेमतेम 3,100 रुपये. एवढ्यातून दलाली, एसटीटी आणि खरेदी-विक्रीच्या भावातली दरी वजा केल्यावर हाती फारसे काही उरत नाही. निफ्टीत पाचशेच्या पटीतल्या आणि त्याखालोखाल शंभराच्या पटीतल्या स्ट्राइकमध्ये उलाढाल जास्त असते, भावातली दरी कमी असते. मधले पन्नासाचे स्ट्राइक शक्यतो टाळावेत, कारण स्प्रेडमध्ये ही दरी आत येताना दोनदा आणि बाहेर पडताना दोनदा, अशी चार वेळा सोसावी लागते. प्रत्येक वेळी दोन रुपये गेले तरी 275 च्या नफ्यातले आठ कमी होतात.

सौदा टाकण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी खालच्या स्ट्राइकचा कॉल घ्यायचा, मग वरचा विकायचा. उलट केले तर काही क्षण तरी खाते उघड्या कॉल विक्रीत असते आणि निफ्टीच्या एका लॉटच्या उघड्या विक्रीला लाखाच्या वर मार्जिन लागते. घेतलेला कॉल खात्यात असला की एक्स्चेंजला दिसते की तोटा मर्यादित आहे, आणि मार्जिन बरेच कमी होते. तरीही लागणारी रक्कम 14,625 रुपयांपेक्षा जास्तच असते, कारण विकलेल्या बाजूवर काही मार्जिन अडकून राहते. ‘स्प्रेड निम्म्या पैशात होतो’ हे खिशातून जाणाऱ्या पैशापुरतेच खरे आहे, खात्यात अडकणाऱ्या रकमेबद्दल नाही. नुसत्या कॉलला भरलेल्या प्रीमियमपलीकडे काहीच अडकत नाही.

बाहेर पडताना क्रम उलटा होतो: आधी विकलेला कॉल परत घ्यायचा, नंतर घेतलेला विकायचा. घाईत घेतलेला कॉल आधी विकला, तर मागे उघडी विक्री उरते, मार्जिन एकदम वाढते आणि खात्यात तेवढे पैसे नसतील तर ब्रोकर पोझिशन कापू शकतो. निफ्टी वर पळतो आहे आणि विकलेल्या कॉलमध्ये तोटा दिसतो आहे, म्हणून फक्त तोच बंद करण्याचा मोहही पुष्कळांना होतो. त्याने मूळ सौदाच बदलतो. त्या उंच पातळीवर वरचा कॉल महाग भावाने परत घेतलेला असतो आणि हातात महाग पडलेला नुसता कॉल उरतो. निफ्टी तिथून परत फिरला तर दोन्हीकडून नुकसान होते. स्प्रेडमध्ये एका बाजूचा तोटा स्वतंत्रपणे पाहायचाच नसतो, दोन्ही भावांतला फरक काय झाला एवढेच पाहायचे असते.

एक्स्पायरीपर्यंत थांबायचे ठरवले, तरी त्या दिवसाची तयारी हवी. निफ्टीचे ऑप्शन युरोपीय पद्धतीचे असल्यामुळे विकलेला कॉल मुदतीआधी अंगावर येण्याची भीती नसते आणि शेवटचा हिशेब रोखीत होतो. पण नोव्हेंबर 2024 पासून सेबीच्या नियमानुसार एक्स्पायरीच्या दिवशी विकलेल्या इंडेक्स ऑप्शनवर कंत्राटाच्या मूल्याच्या दोन टक्के जादा मार्जिन लागते. 25,500 च्या एका लॉटला हे सुमारे 33,000 रुपये होतात, म्हणजे स्प्रेडच्या मूळ खर्चाच्या दुपटीहून जास्त. ही रक्कम खात्यात नसेल तर आदल्या दिवशीच सौदा आवरलेला बरा. नुसता कॉल घेणाऱ्याला हा प्रश्न येत नाही. स्प्रेडची किंमत 500 पैकी 440-450 पर्यंत आली असेल, तर उरलेल्या पन्नास-साठ रुपयांसाठी शेवटच्या दिवसापर्यंत बसणे फारसे शहाणपणाचेही नसते. निफ्टीतली शंभर-दीडशे अंकांची घसरण त्याहून जास्त परत घेऊन जाते.

हाच स्प्रेड एखाद्या कंपनीच्या शेअरवर घेतला असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ऑक्टोबर 2019 पासून शेअरच्या सर्व ऑप्शनचा शेवट रोखीत नव्हे, प्रत्यक्ष शेअरच्या देवाणघेवाणीने होतो. शेअर दोन्ही स्ट्राइकच्या वर बंद झाला तर एकीकडून मिळणारे शेअर दुसरीकडे दिले जातात आणि हिशेब मिटतो. पण तो दोन्हींच्या मध्ये बंद झाला, तर विकलेला कॉल रद्दी होतो आणि घेतलेल्या कॉलपोटी पूर्ण लॉटचे शेअर पैसे भरून घ्यावे लागतात. पंधरा-वीस हजारांच्या सौद्यामागे अचानक पाच-सात लाखांची गरज उभी राहते. म्हणूनच शेअरवरच्या कॉलमध्ये शेवटच्या चार दिवसांपासून मार्जिन टप्प्याटप्प्याने वाढवले जाते, आणि ते घेतलेल्या कॉललाही लागते. इथे नुसता कॉल आणि स्प्रेड दोघांवर सारखीच वेळ येते. डिलिव्हरी घ्यायचा इरादा नसेल, तर हे मार्जिन सुरू होण्याआधीच दोन्ही बाजू कापून मोकळे व्हावे.